शेजाऱ्याला दिलेली मदत मागे घेणारी एजीसी

नांदेडच्या प्रयोगशाळेतील वीज जाळ्याच्या दोन क्षेत्रांच्या सिम्युलेशनमध्ये शेजारच्या क्षेत्रातील वीजनिर्मिती संच बंद पडताच आमच्या संचांचा वेग राखणारे गव्हर्नर वीज वाढवत, पण लगेच एजीसी, म्हणजे क्षेत्राची निर्मिती आपोआप कमी-जास्त करणारी नियंत्रण यंत्रणा, तीच वीज कमी करू लागे. अखेरीस वारंवारिता ५० हर्ट्झवर येतच असल्याने दोष सहज दिसत नव्हता.

`ACE = ΔPtie + B·Δf`

यात ACE म्हणजे एसीई, एजीसी शून्यावर आणू पाहते ती क्षेत्राची चूक; ΔPtie हा दोन क्षेत्रांना जोडणाऱ्या टाय-लाइनवरून बाहेर जाणाऱ्या विजेतील बदल, Δf हा वारंवारितेतील बदल आणि B हा त्या बदलाचे मेगावॉट करणारा गुणक.

एजीसी बंद ठेवून तोच बिघाड घडवला, तेव्हा वारंवारिता ०.०५ हर्ट्झने घसरली आणि टाय-लाइनवरून ४० मेगावॉट जादा बाहेर गेले. B मात्र ३०० होता; त्यामुळे एसीई ४० − १५ = +२५ मेगावॉट येई आणि एजीसी ती मदत अतिरिक्त निर्मिती समजे. ४० ला ०.०५ ने भागून B ८०० मेगावॉट प्रति हर्ट्झ केला. आता एसीई जवळजवळ शून्य राहतो. गव्हर्नरवर चालणारे संच बदलले की मात्र हा आकडा पुन्हा मोजावा लागतो.