शिफारस कोणाची आणि बजेट कोणाचे: संपर्क करण्यापूर्वी कंपनीतील माणसांचा नकाशा कसा तयार करावा

कारखान्यातील पंप आणि मोटारी यांवर बसवायचे कंपनमापक सेन्सर मी विकत असे. मोटार बंद पडण्याच्या बरेच आधी तिची कंपने बदलू लागतात आणि तो बदल हे सेन्सर टिपतात. तीन कारखाने असलेल्या एका कंपनीच्या डिजिटल विभागप्रमुखांशी मी चार महिने बोलत होतो. त्यांना उत्पादन मनापासून आवडले होते आणि त्यांनी दोन वेळा सादरीकरणही ठेवले. ऑर्डरचा विषय निघाला तेव्हा मात्र ते म्हणाले, "हा खर्च देखभालीच्या बजेटमधून जाईल आणि ते प्लांट हेडकडे असते." प्लांट हेडशी तोवर आमच्यापैकी कोणी एक शब्दही बोललेले नव्हते आणि त्यांचे वर्षाचे बजेट ठरून गेले होते. त्या कंपनीचा नकाशा मी आधी कसा काढायला हवा होता, तेच इथे क्रमाने मांडतो.

प्रथम दोन भूमिका वेगळ्या करून घ्याव्यात. ज्याच्या मतामुळे खरेदीची दिशा बदलते, तो प्रभाव टाकणारा, म्हणजे इन्फ्लुएन्सर. ज्याच्या खात्यावर खर्च पडतो आणि जो ठरलेल्या कामातील पैसा काढून नव्या कामाला देऊ शकतो, तो बजेटधारक. फ्रेडरिक वेब्स्टर आणि योरॅम विंड यांनी 1972 मध्ये संस्थांच्या खरेदीविषयी जी मांडणी केली, तिच्यात वापरणारा, प्रभाव टाकणारा, खरेदीचा व्यवहार करणारा, निर्णय घेणारा आणि माहितीची वाट अडवणारा किंवा मोकळी करणारा अशा पाच भूमिका होत्या. एकाच माणसाकडे दोन भूमिका असू शकतात आणि एक भूमिका चार जणांत वाटलेली असू शकते, म्हणून पदनामावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. कित्येक गुंतवणूक बँकांत व्हाइस प्रेसिडेंट हे मधल्या फळीतले पद असते, तर लहान उत्पादन कंपनीत साध्या 'मॅनेजर'कडे संपूर्ण कारखान्याचा खर्च असू शकतो.

त्यामुळे पहिली पायरी माणसांची नसून पैशाची आहे. आपले उत्पादन घेतले नाही तर नुकसान कोणत्या खर्चात दिसेल, हे एका वाक्यात लिहावे. आमच्या बाबतीत ते वाक्य असे झाले असते: "मोटार अचानक बंद पडली तर उत्पादन थांबते आणि तातडीच्या दुरुस्तीचा खर्च कारखान्याच्या देखभाल खात्यावर पडतो." एवढे लिहिले असते तरी बोट डिजिटल विभागाकडे न जाता कारखान्याकडे गेले असते. नवे तंत्रज्ञान शोधणे हे डिजिटल विभागाचे काम होते, पण मोटार बंद पडल्याचा जाब त्यांना कोणी विचारत नव्हते.

याच पायरीवर आपण किंमत कोणत्या रूपात मांडणार आहोत, हेही ठरवावे. सेन्सर एकदम विकत दिले तर अनेक कंपन्यांत तो भांडवली खर्च धरला जातो आणि त्याची मंजुरी वरपर्यंत जाते. तीच सेवा वार्षिक शुल्कावर दिली तर ती चालू खर्चात बसू शकते आणि प्लांट हेड आपल्या मर्यादेत तिला मान्यता देऊ शकतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांत कोणत्या पदावरच्या व्यक्तीने किती रकमेपर्यंत सही करायची, याचा लेखी तक्ता असतो. तो बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही, पण तो असतो हे लक्षात ठेवून काम करावे, कारण रक्कम बदलली की बजेटधारकही बदलू शकतो.

दुसरी पायरी म्हणजे माणसे शोधणे. कंपनीचे संकेतस्थळ आणि लिंक्डइन यांवरून सात-आठ नावे सहज मिळतात. मात्र मला सर्वांत उपयोगी वाटतात त्या नोकरीच्या जाहिराती. देखभाल अभियंत्याच्या जाहिरातीत "प्लांट हेडला रिपोर्ट करावे लागेल" असे लिहिलेले असले, तर साखळीचा एक दुवा कंपनीच्याच शब्दांत हाती येतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवालातून कोणत्या विभागाचा खर्च वाढतो आहे, याचा अंदाज येतो. कामाशी संबंधित आणि जाहीर माहिती तेवढीच टिपावी. कोणाच्या कुटुंबाची किंवा खासगी आयुष्याची नोंद या नकाशात असू नये.

व्यक्तीने स्वतःच्या कामाचे वर्णन करताना कोणती क्रियापदे वापरली आहेत, तेही बारकाईने वाचावे. 'मूल्यमापन केले', 'चाचणी घेतली', 'शिफारस केली', 'राबवले' हे शब्द प्रभाव टाकणाऱ्याचे आहेत. 'नफा-तोट्याची जबाबदारी', 'वार्षिक बजेट सांभाळले', 'खर्च इतक्या टक्क्यांनी कमी केला' हे शब्द बजेटधारकाकडे बोट दाखवतात. डिजिटल विभागप्रमुखांच्या वर्णनात पहिल्या प्रकारचीच क्रियापदे होती आणि त्यांच्या विभागात दोनच माणसे होती. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

तिसरी पायरी नोंदीची. एक्सेलमध्ये प्रत्येक व्यक्तीसाठी पद, रिपोर्टिंग, अंदाजित भूमिका, पुरावा आणि खात्री असे रकाने करावेत. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर भूमिकेपुढे 'अंदाज' असेच लिहावे. त्या कंपनीच्या नोंदी अशा दिसल्या असत्या: यंत्रे अचानक बंद पडू नयेत हे पाहणारा विश्वासार्हता अभियंता, प्रभाव टाकणारा, पुरावा म्हणजे परिषदेत मोटारींच्या बिघाडांवर दिलेले व्याख्यान, खात्री चांगली. प्लांट हेड, बजेटधारक, पुरावा म्हणजे नोकरीची जाहिरात आणि स्वतःच्या वर्णनातील देखभाल खर्चाचा उल्लेख, खात्री मध्यम. खरेदी व्यवस्थापक, व्यवहार करणारा, बजेट नाही. शेवटच्या नोंदीत पुष्कळ जण चुकतात. पर्चेस विभाग दर आणि अटी यांवर घासाघीस करतो, म्हणून पैसा त्याचाच आहे असे वाटते, पण तो बहुधा दुसऱ्या विभागाचा पैसा खर्च करत असतो. वित्तप्रमुखाचेही तसेच आहे. तो मोठा खर्च अडवू शकतो, पण देखभालीची गरज तो क्वचितच स्वतःहून मांडतो.

नकाशा चुकला आहे याच्या काही खुणा असतात. एकाच माणसापुढे तीन भूमिका लिहिल्या गेल्या असतील, किंवा बजेटधारक म्हणून नेमका तोच माणूस निघाला असेल ज्याच्याशी आपली आधीपासून ओळख आहे, तर पुन्हा शोधावे. प्रोफाइल जुने असू शकते, म्हणून ती व्यक्ती अजून त्याच पदावर आहे का, हे कंपनीच्या ताज्या निवेदनावरून किंवा संकेतस्थळावरून पडताळावे. बाहेरून काढलेला नकाशा मध्यम खात्रीच्या पुढे फारसा जात नाही आणि ते मान्य करूनच पहिला संदेश लिहावा.

तो संदेश आता मी आधी विश्वासार्हता अभियंत्याला पाठवीन आणि त्यात कंपनांविषयी, चाचणीविषयी बोलेन. त्याच आठवड्यात प्लांट हेडलाही लिहीन, पण तिथे बंद पडलेल्या तासांविषयी आणि दुरुस्तीच्या खर्चाविषयी. पहिल्या भेटीत "निर्णय कोण घेते?" असे मी विचारणार नाही, कारण त्यावर बहुतेक जण "मीच" असे उत्तर देतात. त्याऐवजी मी विचारीन, "मागच्या वेळी अशी एखादी वस्तू घेतली तेव्हा ती कोणाच्या बजेटमधून गेली, आणि शेवटची सही कोणाची होती?" मिळालेले उत्तर त्याच दिवशी पुराव्याच्या रकान्यात जाईल.