कोटेशन पाठवून पंधरा दिवस झाले, उत्तर नाही? या चुका टाळा

गुहागरजवळच्या एका होमस्टेला आम्ही 10 किलोवॉट सोलरचं कोटेशन दिलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका आल्या, पण उत्तर नाही. आठव्या दिवशी मी लिहिलं, "काका, काही ठरलं का?" बाराव्या दिवशी, "हा दर 31 तारखेपर्यंतच आहे." दोन्ही वेळा शांतता.

पहिल्या मेसेजमध्ये काकांच्या कामाचं काहीच नव्हतं. दुसरा तर सरळ दबाव. तारीख गेल्यावर तोच दर पुन्हा दिला तर आपलीच किंमत जाते, हे कोकणातला माणूस लगेच ओळखतो. शिवाय मे महिना. शनिवारी सकाळी अकराला खोल्या रिकाम्या होत असताना मी फोन केला होता, तो उचलला गेला नाही यात नवल काय!

मग मी आमचंच कोटेशन नीट वाचलं आणि चूक तिथेच सापडली. हिशेब फक्त एप्रिलच्या बिलावर केला होता: 1,200 युनिट. एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट देतो, म्हणून 10 किलोवॉट. पण होमस्टे पावसाळ्यात जवळजवळ बंद असतो. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. त्याची बेरीज केली तर वर्षाचे 7,200 युनिट. त्याला 5 किलोवॉट पुरतो, कारण तो वर्षाला सुमारे 7,300 देतो. नेट मीटरिंगमध्ये सीझनबाहेरचे जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण मार्चअखेर उरलेल्या युनिटांना आपण बिलात भरतो तो दर मिळत नाही. म्हणजे निम्मी यंत्रणा काकांनी उगाच विकत घेतली असती.

पंधराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, एवढाच मेसेज पाठवला:

"काका, नमस्कार. तुमच्या बारा महिन्यांच्या वापराचा तक्ता जोडलाय. आधीचं कोटेशन मोठं झालं होतं, 5 किलोवॉट पुरेल. निसर्ग वादळानंतर छपरावरच्या सांगाड्याची काळजी सगळ्यांनाच असते, म्हणून नटबोल्ट स्टेनलेसचे आणि सांगाडा हॉट डिप गॅल्वनाइज्ड धरलाय. घाई नाही. सीझन संपल्यावर बोलू का?"

जुनं पीडीएफ पुन्हा जोडलं नाही, "फॉलोअप" हा शब्दही नाही. आपली विक्री निम्म्यावर आली हे खरं, आणि आमच्या कंपनीच्या मालकाला ते समजावताना मला घाम फुटला.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. शेजाऱ्याने त्यांना आधीच सांगितलं होतं, "एवढं मोठं कशाला?" तोंडावर नाही म्हणणं जड जात होतं, म्हणून ते गप्प होते.

असा मेसेज जाऊनही आठवडाभर उत्तर आलं नाही, तर एकदाच फोन करून विचारा, "फाइल बंद करू का?" हो म्हणाले तर खरंच बंद करा.