मस्कतहून फोंड्याला: इंजिनिअरची नवी ओळखवही

चौदा वर्षं मस्कतमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काढून मी एप्रिल 2022 मध्ये फोंड्याला परत आलो. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेलो, घर कुर्टीला. त्यामुळे ओळखींची काळजी मला मुळीच नव्हती. विमानात बसून मी एका वहीत सत्तावीस नावं लिहिली होती: वर्गमित्र, एक बिल्डर, सार्वजनिक बांधकाम खात्यातले दोघे, मामेभावाचे मेहुणे. पहिल्या वर्षी मला लहानमोठी तेवीस कामं मिळाली. त्या वहीतल्या माणसांकडून त्यातली पाचच आली. आता जे कोणी आखातातून किंवा आणखी कुठून परतून इथे स्वतःचं काम सुरू करणार आहेत, त्यांना उरलेल्या अठरा कामांची गोष्ट उपयोगी पडेल.

पहिली चूक महिन्याची. एप्रिल-मे म्हणजे गोव्यात बांधकामवाल्यांची जीव खाणारी धावपळ. पावसाआधी स्लॅब ओतायचा असतो, छप्पर चढवायचं असतं, चिऱ्यांचे ट्रक वेळेवर येत नसतात. अशा दिवसांत मी बिल्डर मित्राच्या ऑफिसात जाऊन बसलो. त्याने चहा मागवला, वीस मिनिटांत सहा फोन घेतले आणि मला म्हणाला, ‘‘पावस पडूं दी, मागीर बसूंया.’’ मला वाटलं, टाळतोय. खरं तर तो अगदी बरोबर वेळ सांगत होता. जूनमध्ये पाऊस लागला की साइट थंडावतात, गवंडी, सेंटरिंगवाले, हार्डवेअरचे दुकानदार सगळ्यांकडे बोलायला वेळ असतो. चवथीला तर गोवा घरीच असतो. दसरा-दिवाळीनंतर नव्या कामांची बोलणी सुरू होतात. म्हणून परतायचा महिना निवडता येत असेल तर जून निवडा. भिजाल, पण माणसं भेटतील.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारी, ‘‘परत केन्ना वतलो?’’ मी तो चौकशी म्हणून घेई आणि हसून ‘‘बघूया’’ म्हणे. त्या ‘बघूया’ने माझं किती नुकसान केलं असेल ते मला मोजता येणार नाही. इथे घराचं काम दीड-दोन वर्षं चालतं. मधेच इंजिनिअर मस्कतला उडाला तर साइटवर निर्णय कोण देणार, हा त्या प्रश्नामागचा हिशेब होता. वर्गमित्रांचा आणखी एक समज असायचा, की रियालमध्ये पगार घेतलेला माणूस आपल्याला परवडणार नाही. तो तोंडावर कोणी बोलत नाही. मग मी तिस्कावर एक लहानशी खोली भाड्याने घेतली, बोर्ड लावला, जुनी जीए-05 नंबरची, म्हणजे फोंड्याचीच, स्कूटर दुरुस्त करून तीच फिरवू लागलो आणि नगर नियोजन खात्याकडे इंजिनिअर म्हणून नोंदणी केली. चार महिन्यांनी तो प्रश्न बंद झाला.

नोंदणी झाली की एक वेगळीच गर्दी होते, त्याबद्दल आधीच सांगतो. घराच्या परवान्याच्या कागदपत्रांत इंजिनिअरचं स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट लागतं. म्हणजे इमारतीच्या मजबुतीची जबाबदारी अमुक इंजिनिअरची, असा सही-शिक्क्याचा कागद. माझ्याकडे आलेले पहिले तीन ‘संपर्क’ हीच सही मागायला आले होते. डिझाइन त्यांनी कुठूनतरी आणलेलं, जागा मी पाहिलेली नाही, आणि हातात पाकीट. एकाने तर ‘‘सगळेच करतात’’ असं सांगून वर महिन्याला चार कामांचं आश्वासन दिलं. हातात काम नसताना नाही म्हणणं जड गेलं, हे कबूल करतो. पण सही विकणारा इंजिनिअर अशी ओळख एकदा झाली की तिसऱ्या महिन्यात बाजारभर होते, आणि मग डिझाइन करायला तुम्हाला कोणी बोलावत नाही. शिवाय भेग पडली की जबाबदार तुम्ही. मी सरळ सांगू लागलो: आधी जागा बघेन, माझं मी गणित करेन, मगच सही. तिघांपैकी एक जण परत आला. तो आजही येतो.

आता मुख्य गोष्ट. वरच्या बाजारात एक हार्डवेअरचं दुकान आहे. नळाचं फिटिंग घ्यायला गेलो आणि पाऊस थांबेना म्हणून तिथेच स्टुलावर बसलो. तासाभरात चार गिऱ्हाइकं आली आणि चौघांचीही तक्रार गळतीची. दुकानदार भाई कोणाला डांबराचा डबा देत, कोणाला वॉटरप्रूफिंगची पावडर. एकाला ते म्हणाले, ‘‘तिसरें वर्स हें, दरवर्सा डबो व्हरता. कोणाक तरी दाखय.’’ मी त्यांना सांगितलं, मी हेच काम करतो, बघायचे पैसे घेत नाही. खरं सांगायचं तर फुकट बघायला नको होतं, पण ते पुढे.

त्या गिऱ्हाइकाचं घर ढवळीचं, 1980च्या दशकात बांधलेलं. बाल्कनीच्या स्लॅबच्या खालच्या बाजूचं प्लास्टर पडत होतं आणि मालक दर मे महिन्यात वरून डांबर लावत होता. हातोडीने टकटक केलं तर अर्ध्या भागातून पोकळ आवाज आला. एक पोपडा काढला, आत गंजून फुगलेली सळई. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर मी फिनॉल्फथॅलिनचं एक टक्क्याचं द्रावण फवारलं. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असतं, ते गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याची अल्कता गेली आहे तिथे रंग येत नाही, आणि तिथे सळईवरचं संरक्षक आवरणही टिकत नाही. हवा आणि ओल मिळाली की गंज धरतो, गंज जास्त जागा घेतो आणि काँक्रीट ढकलून पाडतो. फवारणी ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावरच करायची, ड्रिलचा धुरळा बसलेला असेल तर रंग फसवतो. इथे बिनरंगी थर जवळपास 20 मि.मी. होता आणि सळईवरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, फक्त 12. वरून कितीही डबे ओतले तरी खालचा गंज थांबणार नव्हता.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने मालकाला समजावलं. बाजूला डांबर लावणारे मेस्त उभे होते. मी म्हणालो, कव्हर बघा, बारा मिलिमीटर, ज्याने हा स्लॅब ओतला त्याला सळईखाली दगडाचे तुकडे ठेवायचाही कंटाळा. मस्कतला साइट मीटिंगमध्ये असं बोलणं रोजचं होतं. मेस्त काही न बोलता निघून गेले. त्यानंतर दोन महिने त्यांनी माझा फोन उचलला नाही, आणि भाईंच्या दुकानातही मला जरा गार वाटू लागलं. मग भाईंनीच एक दिवस सांगितलं, ‘‘तो स्लॅब ताच्या बापायन घाल्लो.’’

गावात जुन्या कामाची चूक कोणाच्या तरी बापाची असते, हे मला परदेशात शिकवायला कोणी नव्हतं. चवथीला मी मेस्तांच्या घरी गेलो. आरती झाली, करंज्या-नेवऱ्या खाल्ल्या, माटोळी बघितली. कामाचा विषय काढला नाही. निघताना एवढंच म्हणालो, की त्या काळच्या आय.एस. कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या भारतीय मानकात, साध्या स्लॅबला 15 मि.मी. कव्हर चालत होतं, आजचा कोड पावसात भिजणाऱ्या-सुकणाऱ्या भागाला 45 मागतो, तेव्हा मी जे बोललो ते वडिलांना लागू करणं बरोबर नव्हतं. ते ‘‘बरें’’ म्हणाले. दसऱ्यानंतर ढवळीचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. सैल काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं काढलं, गंज घासून काढला, जिथे सळई फार झिजली होती तिथे नवी जोडली, गंजरोधक लावलं, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने थर भरले आणि ओलं ठेवलं. मेस्तांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मला फक्त कुठे थांबायचं नाही ते माहीत होतं.

त्या वर्षी मेस्तांकडून सहा कामं आली, भाईंच्या दुकानातून नऊ. सर्व्हे करणाऱ्या एका माणसाने तीन दिली, कारण नकाशे काढायला तो ज्या घरी जातो तिथे लोक त्यालाच भेगा दाखवतात. या तिघांपैकी एकाचंही नाव विमानातल्या वहीत नव्हतं. कारण उघड आहे: बिल्डर मित्राला वर्षातून एकदा इंजिनिअर लागतो, त्यांना रोज कोणी ना कोणी ‘‘कोण बरा?’’ विचारतं. म्हणून मी आता प्रत्येक फोनवर नंबर कोणी दिला हे विचारतो आणि वहीत लिहितो. ज्याने पाठवलं त्याला दोन दिवसांत कळवतो, की बघून आलो, असं असं आहे. कमिशन देत नाही. एकदोघांनी मागितलं, पण तसं केलं असतं तर मालकाला दुरुस्ती सांगताना माझ्याच जिभेला शंका आली असती.

फुकट बघण्याचं सांगतो म्हणालो होतो. पहिली पाच-सहा घरं फुकट पाहिली. लोकांनी कौतुक केलं, पण ढवळीचं घर सोडलं तर एकानेही सांगितलेली दुरुस्ती केली नाही. सातव्या घरापासून 2,500 रुपये घेऊ लागलो आणि त्यात दोन पानांचा अहवाल मराठीत, फोटोंसकट, कुठे काय आणि आधी काय करायचं ते लिहून. तो कागद घरात राहतो, शेजारी वाचतो. मस्कतमध्ये माझे अहवाल ऐंशी पानांचे असत आणि क्लायंट शेवटचं पान वाचत असे. इथे सविस्तर आकडेमोड मी माझ्याजवळ ठेवतो, मागितली तर देतो.

वर्गमित्रांवर माझा राग नाही. त्यांची तीन कामं आली ती पहिल्याच डिसेंबरात, आणि तिन्ही मोठी होती. नातेवाइकांची दोन आली, त्यांचे पैसे मात्र अजून यायचे आहेत. खात्यातल्या दोघांना मी काम मागायला जात नाही. नियमाचा अर्थ अडला तरच फोन करतो, त्यामुळे ते उचलतात.

परवा शिरोड्याहून एका बाईंचा फोन आला. नंबर कोणी दिला विचारलं, तर म्हणाल्या, ढवळीला बाल्कनी केली ना, त्यांच्या शेजाऱ्यांच्या सुनेने. मेस्तांना विचारलं कधी मोकळे आहात, ते म्हणाले शनिवारी, आणि वर म्हणाले, ‘‘फवारपाचें तें तांबडें उदक हाड, लोकांक तें पळोवपाक बरें दिसता.’’