सोनेरी लायका दिसला, तर आधी खिडक्या मोजा

विक्रीच्या फोटोत सोनेरी मुलामा, सापाच्या कातड्यासारखं आवरण आणि वर ‘लायका’ हे जर्मन नाव कोरलेला जुना कॅमेरा दिसला, की समोरच्या खिडक्या मोजा. खऱ्या सोनेरी ‘लक्सस’ लायका 1930 च्या आसपास मोजक्याच बनल्या, आणि त्या लायका-1 होत्या. त्यात अंगभूत रेंजफाइंडर, म्हणजे फोकससाठी अंतर मोजायची यंत्रणा नव्हती, म्हणून तिच्या दोन जादा खिडक्याही नव्हत्या. समोर तीन खिडक्या असतील, तर बहुतेक वेळा तो फेड किंवा झोर्की हा सोव्हिएत कॅमेरा असतो, नवं नाव कोरून सजवलेला.

साध्या क्रोम लायका-2 ला मात्र तीन खिडक्या असतातच. तिथे विक्रेत्याकडून लेन्स काढलेला फोटो मागवा. आत वरच्या बाजूला, लेन्सच्या मागच्या कडेला टेकणारा भाग बघा. लायकात तिथे छोटं गोल चाक असतं, फेड-झोर्कीत पाचरीसारखा धातूचा तुकडा. नाव कोरणं सोपं, हा भाग बदलणं कटकटीचं, म्हणून नक्कल करणारे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर मी तरी सौदा सोडून देईन.

अनुक्रमांकावरून उत्पादनाचं वर्ष कळतं, पण तोही कोरता येतो. अस्सल निघाला तरी किंमत चकाकीवर ठरत नाही. झिजलेला मूळ रंग नव्याने रंगवलेल्या बॉडीपेक्षा संग्राहकांना जास्त प्रिय. लेन्समध्ये बुरशीचं जाळं दिसलं, तर भाव चांगलाच उतरतो. लष्करी शिक्क्यांनी भाव चढतो, आणि नेमके तेच सर्रास खोटे असतात.