कादंबरीला 'प्रवास' म्हणताना या चुका टाळा

कादंबरीचा आराखडा मागितला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हा नायकाचा प्रवास आहे." कुठून कुठे, असं विचारलं की उत्तर मिळतं, अज्ञानातून जाणतेपणाकडे. पण पहिल्या पानावरचा माणूस शेवटच्या पानापर्यंत बदलतो, हे बहुतेक कादंबऱ्यांत घडतंच. सगळ्यांनाच लागू होणारी ही रचना पुढचं प्रकरण कोणतं घ्यायचं हे सांगत नाही, आणि कोणतं गाळायचं हे तर मुळीच नाही. पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक हीच.

गोव्यात बसून लिहिणाऱ्याला मोह पडेल असा विषय घेऊ. १५६० च्या सुमारास मंगेशाचं लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, झुआरीपार प्रियोळला नेलं. तिकडे तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. समजा, असा देव घेऊन निघालेल्या एका काल्पनिक कुटुंबावर कुणी कादंबरी लिहितंय. आराखड्यात चार प्रवास आहेत : कुटुंबाचा, धाकट्या मुलीचा बालपणातून बाहेर पडण्याचा, वडिलांचा श्रद्धेकडून संशयाकडे जाण्याचा, आणि खुद्द गोव्याचा. यात प्रत्यक्ष नदी ओलांडणारा प्रवास एकच.

इथे एक साधी चाचणी करून बघा. प्रत्येक प्रकरणाचा सार वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि मधल्या चिठ्ठ्या पिसा. काका बाप्तिस्मा घेऊन मागे राहायचं ठरवतो, ही चिठ्ठी होडी सुटण्याआधी आली तर ते घरातलं भांडण असतं; नंतर आली तर पलीकडे पोचलेली एक बातमी. जागा बदलली की प्रसंगच बदलतो, म्हणजे तिथे नदीने गोष्ट धरून ठेवली आहे. मुलीच्या चिठ्ठ्या मात्र कुठेही चालतात : आजीशी भांडण, मैत्रिणीशी गुपितं, पहिली पाळी. लेखकाने त्याला कितीही प्रवास म्हणावं, ती प्रकरणं सुटीच राहतात.

उपाय मुलगी काढून टाकण्याचा नाही. ती मैत्रीण काकाच्या बाजूच्या घरातली करा. मग गुपितं फक्त नदीच्या अलीकडे सांगता येतात, आणि पलीकडे गेल्यावर ती कुणाला सांगायची हा प्रश्न उरतो. बाकीची भारदस्त वाक्यं, विशेषतः 'गोव्याचा प्रवास', खुशाल खोडावीत.

दुसरी चूक त्यामानाने बारीक, पण हस्तलिखित बिघडवते तीच : प्रत्येक प्रवासाला शोध समजणं. इंग्रजी कवी ऑडनने शोधकथेवरच्या निबंधात फरक छान केला आहे. हरवलेलं कॉलरचं बटण शोधणं हा खरा शोध नव्हे. ज्याचा अजून अनुभवच नाही, त्याच्या मागे जाणं म्हणजे शोध. आपल्या कुटुंबाला काय न्यायचं ते ठाऊक आहे आणि कुठे जायचं तेही. हे स्थलांतर आहे. त्यातला ताण पकडले जाण्याचा, आणि पलीकडे कोण जागा देणार याचा. लेखक शोधकथेचा साचा लावायला गेला की जंगलात एक ज्ञानी साधू उगवतो, मग तीन कसोट्या येतात, आणि होडीवाल्याशी चाललेली खरी घासाघीस बाजूला पडते. साधू दिसला की समजावं, साचा आत शिरला.

याच इतिहासातून शोधकथाही निघू शकते, पण माणूस वेगळा लागेल. कारवारकडचा कुणी वंशज घ्या. त्याच्याकडे कुलदेवाचं नाव आहे, गोत्र आहे, बाकी काही नाही. देवळातल्या महाजनांकडून त्याला गावाचं नाव कळतं. गावात गेल्यावर कळतं, आपलं घराणं संपूर्ण निघालंच नव्हतं, अर्धं ख्रिस्ती होऊन तिथेच राहिलं. तो 'घर कुठे होतं' विचारत आला होता. आता विचारतोय, 'इथे राहिले ते माझे कोण?' प्रत्येक टप्प्यावर प्रश्नच बदलतो, म्हणून टप्प्यांची अदलाबदल होऊ शकत नाही.

तिसरी चूक उलट दिशेची : टप्पे अदलाबदल करता येतात म्हणून कादंबरी फसली असं ठरवणं. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटन'कडे बघा. यमुना नवऱ्याबरोबर, म्हणजे विनायकाबरोबर, हिंडते आणि जागोजागच्या विधवांची दशा तिला दिसते. त्यातल्या काही हकिगती मागेपुढे केल्या तरी बिघडणार नाही, कारण पुस्तकाचं काम निरूपणाचं आहे. तसं ते उपशीर्षकातच सांगितलंय. इथे प्रवास म्हणजे उदाहरणं ओवायचा दोरा, आणि तेवढं काम तो नीट करतो. फक्त एक प्रसंग हलवता येत नाही : वाटेतला विनायकाचा मृत्यू. तो झाला की विधवा बघत निघालेली यमुना स्वतःच विधवा होते.