हद्द जुळत नाही? आधी फरकाची दिशा बघा
काटोलकडची चार बांधांची संत्र्याची बाग घ्या, घेर 500 मीटर. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला बाजूचा कोन. प्रत्येक बाजूची लांबी गुणिले cos बेअरिंग म्हणजे लॅटिट्यूड, उत्तरेकडचं अंतर; गुणिले sin म्हणजे डिपार्चर, पूर्वेकडचं. बागेला फेरी मारून आपण सुरुवातीच्याच जागी येतो, म्हणून चिन्हासकट दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. समजा आल्या +0.50 आणि +0.87. म्हणजे फरक 1 मीटरचा, दिशा 60 अंश. तो लगेच चारही बाजूंवर वाटू नका, चूक नुसती झाकली जाते. आधी 60 अंशांच्या आसपासची बाजू शोधा. बहुधा तिथेच टेप वाचताना मीटर जास्त लिहिला गेलाय. बाजू 240 अंशांची असेल, तर मीटर कमी. तेवढीच पुन्हा मोजा. समोरासमोरचे बांध समांतर असतील तर मात्र दोन्ही. मग उरलेले चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या प्रमाणात खुशाल वाटा.