दरड-पुराच्या इशाऱ्यामुळे यात्रा रद्द: ग्रुपवर मेसेज कसा लिहावा

चाळीस जणांची केदारनाथ यात्रा ठरली आहे, गाडी परवा, आणि हवामान विभागाने रुद्रप्रयाग जिल्ह्याला रेड अलर्ट दिला. अशा वेळी बहुतेक आयोजक घाईघाईत लिहितात, ‘पावसामुळे यात्रा सध्या पुढे ढकलत आहोत, पैशाचं नंतर कळवतो.’ त्यातला ‘सध्या’ अर्ध्या लोकांना आशा लावतो आणि ‘नंतर’ उरलेल्यांची झोप उडवतो.

मेसेज लिहायच्या आधी तीन फोन करा: लॉजवाला, बसवाला आणि तिकीट काढणारा. प्रत्येकाकडून एवढंच काढून घ्या की किती पैसे परत येतील, किती पुढच्या तारखेला चालतील आणि कधीपर्यंत. लॉजवाले सहसा आगाऊ रक्कम परत द्यायला कुरकुरतात, पण तारीख बदलून द्यायला तयार होतात. तयार झाले की ते तोंडी ठेवू नका, त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घ्या.

रेल्वे तिकिटाबाबत एक चूक हमखास होते. ‘गाडीच रद्द होईल, मग पूर्ण पैसे मिळतील’ म्हणून लोक थांबतात. रेल्वेने गाडी रद्द केली तर पूर्ण रक्कम मिळते हे खरं, पण दरड कोसळते सोनप्रयागच्या वरच्या रस्त्यावर आणि आपली गाडी जाते हरिद्वारला. ती बहुतेक वेळा ठरल्या वेळी सुटते. वाट बघण्यात कपात मात्र वाढत जाते, कारण सुटण्याची वेळ जवळ येईल तसे कमी पैसे परत मिळतात. म्हणून न जायचं ठरलं की लगेच तिकीट रद्द करा.

आता हिशोब. समजा माणशी १८,००० जमा केले: तिकीट ४,०००, लॉजची आगाऊ रक्कम ५,०००, बसची ३,००० आणि ६,००० अजून खर्चच झालेले नाहीत. फोनवरून कळलं की तिकिटाचे ३,००० परत येतील, बसवाला निम्मे म्हणजे १,५०० देईल किंवा पूर्ण ३,००० पुढच्या फेरीत धरेल, आणि लॉजवाला फक्त तारीख बदलेल. मग मेसेज असा होतो:

‘१० तारखेची केदारनाथ यात्रा रद्द केली आहे. कुणीही स्टेशनवर येऊ नये. कारण: हवामान विभागाचा रुद्रप्रयाग जिल्ह्यासाठी रेड अलर्ट आणि गौरीकुंडच्या रस्त्यावर दरडीचा धोका.
पैसे: (१) “परत” निवडल्यास माणशी १०,५०० मिळतील. त्यातले ६,००० तीन दिवसांत, बाकीचे तिकीट व बसचे पैसे आमच्याकडे आल्यावर. लॉजचे ५,००० तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तरच मिळतील. (२) “पुढे” निवडल्यास सगळी रक्कम नव्या यात्रेला धरू. तिकिटाच्या कपातीमुळे १,००० जास्त भरावे लागतील.
१५ तारखेपर्यंत नाव लिहून “परत” किंवा “पुढे” एवढंच कळवा. नाही कळवलं तर “परत” धरू.’

पहिल्या दोन वाक्यांत रद्द झाल्याचं आणि स्टेशनवर येऊ नका हे आलंच पाहिजे, कारण फोनच्या पडद्यावर तेवढंच दिसतं. तारीख न विसरता टाका. हाच मेसेज महिनाभराने कुणी पुढे पाठवला, तर पुढची यात्राही रद्द झाली असं लोक समजतात. १०,५०० हा आकडा कुठून आला असं कुणीतरी विचारणारच, म्हणून ६,००० + ३,००० + १,५०० अशी फोड तयार ठेवा.

नवी तारीख त्याच मेसेजमध्ये जाहीर करायचा मोह टाळा. केदारनाथचं दार भाऊबीजेला बंद होतं आणि पावसाळा सप्टेंबरमध्ये ओसरू लागतो, म्हणजे हाती मुख्यतः सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर एवढाच काळ. त्यातली तारीख लॉज, बस आणि आरक्षण तिन्ही जमल्यावरच सांगावी. यात्रेची सरकारी नोंदणी ठराविक तारखेची असते, ती नव्याने करावी लागेल, हेही ‘पुढे’वाल्यांना तेव्हाच सांगा.

मेसेज टाकून काम संपत नाही. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे वाचलं असं धरू नका, कारण आजोबांचा फोन पुष्कळदा नातवाच्या हातात असतो. साठीच्या पुढच्या प्रत्येकाला फोन करा आणि यादीत नावापुढे खूण करा. आमच्या एका सहलीत एक काकू बॅगा घेऊन पहाटे स्टेशनवर हजर झाल्या होत्या. मेसेज त्यांच्या मुलाने वाचला होता आणि सांगायचं राहिलं होतं.

पैसे परत द्यायची वेळ आली की ग्रुपवर आणखी एक ओळ टाका: ‘पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, कुणी लिंक पाठवून पिन मागितला तर देऊ नका.’